पुढचं पुढे बघू

आमच्याकडे 'पुढचं पुढे बघू' हे वाक्य बहुतेक वेळा विषय संपवण्यासाठी वापरतात. घराचा वरचा मजला, चुलतबहिणीचं एम.एड., विहिरीतला गाळ, सगळ्याला तेच उत्तर. त्यामुळे गेल्या वर्षी चिकूच्या चिप्सच्या धंद्याची चर्चा चालू असताना काका हेच वाक्य म्हणाले तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, लॅपटॉपचं झाकण जवळजवळ आपटलंच. मला मात्र वाटलं, या वाक्याची किंमत काढता येईल. रुपयांत.

आधी धंद्याबद्दल. काकांची वाडी तलासरी तालुक्याच्या समुद्राकडच्या टोकाला, झाई-बोरीगावच्या बाजूला आहे. तिथून बोर्डी आणि घोलवड जवळच. चिकू म्हटलं की घोलवडचं नाव आधी येतं, आणि २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने फळाचा आकार बदलत नाही. प्रत्येक तोडीत बराच माल बारका निघतो. मोठा माल व्यापारी उचलतो, बारक्याला जो भाव देतो त्यात कधीकधी तोडणीची मजुरीही सुटत नाही. हाच बारका चिकू पिकवून, सोलून, बिया काढून, चकत्या करून वाळवला तर त्याचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा आणि टिकण्याचा काळही वेगळा. चिकूत पाणीच इतकं असतं की एक किलो चिप्सला पाच-एक किलो फळ लागतं. तरीही दादाच्या हिशोबात ते बसत होतं.

दादाला एकदम मोठं युनिट टाकायचं होतं: शेड, विजेवर चालणारे ड्रायर, थ्री फेज कनेक्शन, पॅकिंगचं मशीन. अंदाजे २० लाख. धंदा चालला तर पुढच्या सगळ्या वर्षांची कमाई आजच्या पैशात ३० लाखांची, नाही चालला तर ५ लाखांची. चालेल की नाही? वापीच्या एका दुकानदाराने 'पाठवा माल' म्हटलं होतं, मुंबईच्या एकाने 'बघू'. आम्ही दोन्ही शक्यता सारख्या धरल्या.

'आजच्या पैशात' म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो. पुढच्या वर्षी मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा लहान असतो, म्हणून प्रत्येक वर्षाची कमाई व्याजदराने लहान करत आणायची, सगळी बेरीज करायची आणि त्यातून आजचा खर्च वजा करायचा. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
=NPV(12%, C3:C12) - C2
```

उत्तर शून्याच्या वर आलं तर करा, खाली आलं तर सोडून द्या. मोठ्या युनिटच्या दोन शक्यतांची सरासरी साडेसतरा लाख, खर्च २० लाख, म्हणजे उत्तर उणे अडीच लाख.

मग मी लहान युनिटचा हिशोब घातला. मोठ्याच्या पाचव्या भागाएवढं, एकच ड्रायर, शेड म्हणून घरामागची पडवी. लहान असल्यामुळे प्रमाणात महाग, खर्च साडेचार लाख. चाललं तर ६ लाख, नाही चाललं तर १ लाख, सरासरी साडेतीन. उत्तर उणे १ लाख.

म्हणजे मोठंही तोट्यात आणि लहानही तोट्यात. गणित बरोबर होतं. एनपीव्हीच्या सरळ सूत्राप्रमाणे इथे चर्चा संपायला हवी होती. काकांचं वाक्य आलं ते नेमकं याच वेळी: "लहान टाका रे. पुढचं पुढे बघू."

सरळ एनपीव्ही एक गोष्ट न सांगता गृहीत धरतो. तुम्ही आज एकदाच ठरवता आणि मग दहा वर्षं डोळे मिटून बसता, असं त्याला वाटतं. वाईट दिवस आले तरी तुम्ही ड्रायर चालवतच राहता, चांगले आले तरी दुसरा घेत नाही. C3 ते C12 हे रकाने आज भरले की भरले. खऱ्या आयुष्यात मात्र एक हंगाम गेला की माणूस बघतो. धंदा चालला तर वाढवतो, नाही चालला तर ड्रायर विकून मोकळा होतो. वाढवण्याची मुभा आणि बंद करण्याची मुभा, या दोन्हींची काहीतरी किंमत असणारच. १९७७ साली स्ट्युअर्ट मायर्स या अर्थशास्त्रज्ञाने अशा मुभांना 'रिअल ऑप्शन्स' हे नाव दिलं. शेअर बाजारातल्या ऑप्शनसारखंच हे आहे: हक्क आहे, बंधन नाही. फरक एवढाच की इथे कागदाऐवजी हातात ड्रायर असतो.

आता काकांच्या वाक्याचा हिशोब. आज लहान युनिट टाकलं. वर्षभराने कळलं की धंदा चालतो. तेव्हा उरलेले चार भाग टाकायला १७ लाख लागतील. तुकड्यातुकड्याने केल्यामुळे एकूण खर्च २० ऐवजी साडेएकवीस होतो, हे मान्य. पण त्या चार भागांची किंमत तेव्हा २४ लाख असेल, म्हणजे ७ लाखांचा फायदा. तो एक वर्षाने मिळणार, म्हणून १२ टक्क्यांनी लहान केला की सव्वासहा लाख. आणि हे निम्म्याच शक्यतेत घडणार, म्हणून साधारण ३ लाख १० हजार. ही झाली वाढवण्याच्या मुभेची किंमत.

दुसरी बाजू. वर्षभराने कळलं की धंदा चालत नाही. पहिल्या हंगामात ना नफा ना तोटा झाला असं धरू. रडतखडत चालू ठेवलं तर आजच्या पैशात १ लाख. त्याऐवजी ड्रायर विकला तर तेव्हा सव्वादोन लाख, आजचे साधारण २ लाख. म्हणजे बंद करण्यात १ लाखाचा फायदा, तोही निम्म्याच शक्यतेत. बंद करण्याच्या मुभेची किंमत ५० हजार.

उणे १ लाख, अधिक ३ लाख १० हजार, अधिक ५० हजार. उत्तर अधिक २ लाख ६० हजार. फळ तेच, भाव तेच, शक्यताही त्याच. बदललं एवढंच की मधे एकदा डोळे उघडून बघायची परवानगी मिळाली.

या हिशोबात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. समजा कुणी छातीठोक सांगितलं असतं की धंदा ना फार चालणार ना फार पडणार, मोठ्या युनिटला बरोबर साडेसतरा लाखच मिळणार. सरासरी तीच, अनिश्चितता शून्य. मग वर्षभराने वाढवायचं तर १७ लाख घालून १४ लाख मिळणार. कोण वाढवेल? मुभेची किंमत शून्य. म्हणजे हे ३ लाख १० हजार अनिश्चिततेतूनच आले. एरवी आपण अनिश्चिततेला घाबरून व्याजदर वाढवतो आणि एनपीव्ही आणखी खाली ढकलतो. इथे नुकसान पडवीपुरतं मर्यादित आहे आणि फायद्याचं दार उघडं आहे, म्हणून भविष्य जितकं पसरट तितकी मुभा महाग.

(वित्तशास्त्र शिकलेले मित्र इथे हरकत घेतील की ऑप्शनला सरसकट १२ टक्के लावणं शास्त्रशुद्ध नाही, आणि सारख्या शक्यता कुठून आणल्या. हरकत योग्य आहे. शेअरच्या ऑप्शनला बाजारभाव असतो, त्यावरून किंमत काढण्याची सूत्रं आहेत. चिकूच्या चिप्सचा शेअर बाजार नाही, म्हणून आमच्यासारख्यांना हे दोन फांद्यांचं झाडच बरं. ते शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर नसतं, पण कोणता प्रश्न विचारायचा ते सांगतं.)

आता हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत बघू. त्यासाठी तलासरीहून थेट रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळला जावं लागेल. आपल्यापैकी बऱ्याच जणांना एन्रॉन हे नाव घोटाळ्याच्या माहितीपटातून माहीत आहे. मला त्या प्रकल्पातलं एकच कलम महत्त्वाचं वाटतं, आणि ते टीव्हीवर सांगायला कंटाळवाणं आहे.

८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा, दुसरा धरून एकूण २०१५. करारावर टीका भरपूर झाली: दर जास्त, पैसे डॉलरशी बांधलेले, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. पण त्यात एक गोष्ट मंडळाच्या बाजूने होती. दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाने ठरवायचं होतं. पहिला टप्पा चालू होऊ द्या, राज्याला खरंच किती वीज लागते ते बघा, मग सांगा. म्हणजे काकांचंच वाक्य, करारात लिहिलेलं.

१९९५ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या युती सरकारने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी झाल्या. १९९६ च्या नव्या करारात दर उतरले, भांडवली खर्च उतरला, असं सरकारने सांगितलं. तक्त्यात मांडलं तर जुन्यापेक्षा नवं बरं दिसत होतं. पण नव्या करारात पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, एकूण २१८४, आणि दुसरा टप्पा आता मंडळाच्या मर्जीवर राहिला नव्हता. दोन्ही टप्पे बांधील झाले. दराची कपात तक्त्याच्या रकान्यात होती. त्या बदल्यात दिलेली मुभा कुठल्याच रकान्यात नव्हती, म्हणून ती फुकट गेल्यासारखी दिसली.

पुढचं माहीत आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ पर्यंत ४७ च्या घरात गेला. इंधन म्हणून नाफ्था वापरत होते, त्याचेही भाव चढले. मंडळाला ही वीज इतकी महाग पडू लागली की ते ती कमी उचलायचं. कमी उचलली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरायचा आणि प्रत्येक युनिट आणखी महाग दिसायचं. नेमकी हीच ती वेळ, जेव्हा मूळ करारातलं कलम असतं तर मंडळ म्हणालं असतं, दुसरा टप्पा राहू दे. त्याऐवजी दुसरा टप्पा शेजारी जवळजवळ बांधून होत आला होता. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, आणि डिसेंबरमध्ये एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. पुढे एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागातून नवी कंपनी काढून प्रकल्प पुन्हा चालू करावा लागला.

दाभोळमध्ये भ्रष्टाचार होता की नव्हता यावर लोक आजही तावातावाने बोलतात. मला वाटतं, सगळे प्रामाणिक असते तरी हा बदल महागच पडला असता. ज्याला मागणीचा अंदाज नाही, त्याच्याकडची सगळ्यात किमती वस्तू म्हणजे दुसऱ्या टप्प्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क. तो दराच्या सवलतीवर विकायचा असेल तर निदान त्याची किंमत आधी काढायला हवी.

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रत्येक तोट्याच्या धंद्यात 'मुभा' नावाची ओळ घातली की तो फायद्याचा होतो. मी ज्या आयटी कंपन्यांत काम केलं तिथे हे सर्रास चालतं. प्रकल्प आकड्यांत बसत नसला की सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाइडवर 'धोरणात्मक महत्त्व' येतं. मुभा खरी आहे की नुसती स्लाइड, हे तपासायला आमच्या चिप्सकडे परत जावं लागेल.

वरच्या हिशोबात मी एक मोठी सवलत घेतली होती: एका वर्षात आम्हाला *पक्कं* कळेल की धंदा चालतो की नाही. तसं क्वचितच होतं. पहिल्या दिवाळीत नातेवाइकांनी पन्नास पाकिटं नेली म्हणजे बाजार आहे असं नाही. उलट, पहिल्या खेपेला हवा दमट होती म्हणून चिप्स चामट झाल्या आणि दुकानदाराने परत पाठवल्या, तर त्यावरून बाजार नाही असंही म्हणता येत नाही. समजा पहिला हंगाम १० पैकी ७ वेळाच खरं सांगतो. हंगाम चांगला गेला तरी धंदा खरंच चांगला असण्याची शक्यता ७० टक्के, फसवा असण्याची ३०. तेव्हा वाढवलेल्या चार भागांची सरासरी किंमत २४ लाख राहत नाही. ती २४ चे ७० टक्के अधिक ४ चे ३० टक्के, म्हणजे १८ लाख होते. १७ घालून १८. फायदा १ लाख, आजच्या पैशात आणि निम्म्या शक्यतेत ४५ हजारांच्या आसपास. ३ लाख १० हजारांची मुभा ४५ हजारांवर आली.

बंद करण्याची मुभा तर गेलीच. हंगाम वाईट गेला तरी ३० टक्के आशा शिल्लक असते, आणि तिच्यासकट हिशोब केला तर चालू ठेवण्याची किंमत अडीच लाख येते, विकण्याच्या २ लाखांपेक्षा जास्त. म्हणून विकणार नाही. एकूण उत्तर पुन्हा उणे, साधारण ५५ हजार. हंगाम १० पैकी ६ वेळाच खरं सांगत असेल तर वाढवण्याची मुभाही शून्य, कारण १७ घालून १६ मिळणार.

म्हणून लहान युनिटचं काम चिप्स विकणं हे दुय्यम, बातमी आणणं हे मुख्य. हे पटल्यावर आमच्या तयारीत बराच फरक पडला. दादा पडवीला टाइल्स लावणार होता, ते रद्द झालं. त्या पैशात पाकीट नीट बंद करणारं मशीन आणि ओलावा मोजायचं साधन घेतलं, म्हणजे माल परत आला तर दोष वाळवण्यात आहे की गिऱ्हाइकात, हे कळेल. नातेवाइकांची पाकिटं मोजायची नाहीत असं ठरलं. काकू यावर नाराज होत्या, कारण गिऱ्हाइकं त्यांनीच आणली होती. मोजायचं फक्त एकच: ज्या दुकानाने एकदा माल घेतला, त्याने न मागता पुन्हा मागवला का. पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते, दुसरी चवीवर.

आणि बंद करण्याची अट आधीच लिहून ठेवली, कपाटाच्या आत चिकटवून. मेअखेर पाच दुकानांपैकी तिघांनी तरी पुन्हा मागवलं नाही तर ड्रायर विकायचा. आधी लिहिण्याचं कारण साधं आहे. बंद करण्याची मुभा कागदावर सगळ्यांकडे असते, वापरणारे थोडे. मे उजाडेपर्यंत दादाचा जीव ड्रायरमध्ये गुंतलेला असणार, गावात 'चिप्सवाला' म्हणून ओळख झालेली असणार, आणि 'एवढे घातले, अजून थोडे' सुरू होणार. ज्या घरात मुभा वापरली जाणार नाही, तिथे ते ५० हजार हिशोबात धरणं म्हणजे खोटी जमा दाखवणं.

काका अट वाचून म्हणाले, "हे मी म्हटलंच होतं."
"काका, तुम्ही फक्त 'पुढे बघू' म्हणाला होतात. केव्हा आणि काय बघायचं, ते नव्हतं सांगितलं."
"ते तू शिकलास ना इंजिनियरिंगला."

एक प्रश्न मला अजून नीट मांडता आलेला नाही, आणि तो आमच्या किनाऱ्यावरच आहे. वाढवण्या-सोडण्याच्या हिशोबात मुभा नेहमी गुंतवणूकदाराची धरतात. वाढवणला बंदर करण्याची योजना नव्वदच्या दशकात पी अँड ओ या परदेशी कंपनीने आणली होती. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित होता. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला आणि कंपनी निघून गेली. तिचा खर्च बुडाला असेल तो बुडाला, पण तिला निघून जाता आलं. आता सरकारी कंपनीमार्फत तेच ठिकाण पुन्हा आलं आहे. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी, काम टप्प्याटप्प्याने. बांधणाऱ्याच्या दृष्टीने टप्पे शहाणपणाचेच. मालवाहतूक वाढली तर पुढचे धक्के बांधा, नाही वाढली तर थांबा.

पण योजनेत समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे. धक्के थांबवता येतात, घातलेला भराव काढून मासळीची जागा परत आणता येत नाही. १९७४ साली केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी नेमकं हेच मांडलं होतं: न परतीचं पाऊल आज टाकण्याच्या हिशोबात, थांबलो असतो तर पुढे जे कळलं असतं त्याची किंमतही खर्च म्हणून धरायला हवी. १९९८ च्या नकाराने बंदराची मुभा संपली नाही, ते सव्वीस वर्षांनी पुन्हा आलंच. भरावाने मात्र दुसऱ्या बाजूची मुभा एकदाच संपते. बंदर चांगलं की वाईट हे या एका ओळीने ठरत नाही. देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण वाढवणच्या होडीवाल्याचा हिशोब मांडायला बसलो तर मला त्यात वाढवण्याची फांदी सापडत नाही, सोडून देण्याचीही नाही, आणि विकायला ड्रायरही नाही.